गेस्ट वायफायवर फोनवरून टीव्हीला कास्टिंग होत नाही – खारघर

शिरीषफुले · शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

आम्ही खारघरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावर आमचाच एक वन बीएचके आहे. अ‍ॅक्ट्रेकमध्ये उपचारासाठी बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबांना आम्ही तो आठवड्याच्या, महिन्याच्या बोलीने देतो. वायफाय एकच, राऊटर आमच्या हॉलमध्ये. दोन महिन्यांपूर्वी भाच्याने त्यावरच वरच्या लोकांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढून दिलं. आमच्या नेटवर्कवर दाराचा कॅमेरा आहे, प्रिंटर आहे आणि ह्यांचा हिशोबाचा कॉम्प्युटर आहे. दर महिन्याला नव्या माणसांना त्याचा पासवर्ड देणं बरं वाटत नव्हतं.

वरचा टीव्हीही गेस्ट नेटवर्कवरच आहे. सध्या सांगोल्याचं कुटुंब राहतंय. आजोबांचे उपचार चालू आहेत, सोबत आजी आणि नात. गावाकडून रोज व्हिडिओ येतात आणि नातीला ते टीव्हीवर मोठे करून आजोबांना दाखवायचे आहेत. फोन आणि टीव्ही दोन्ही गेस्ट वायफायवर, दोन्हीवर इंटरनेट व्यवस्थित. पण फोटोच्या अ‍ॅपमध्ये कास्टचं चिन्ह दाबलं की नुसतं गोल फिरतं, टीव्हीचं नावच येत नाही.

गंमत म्हणजे भाचा इथे होता तेव्हा त्याच्या फोनवर यूट्यूबमधून याच टीव्हीवर गाणी लागत होती. आता तो बंगळुरूला गेला. इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन टीव्ही जुना झालाय, नवीन घ्या असं सांगून गेला. टीव्ही दोन वर्षांचा आहे हो!

नातीने आकडे काढून दिले ते लिहिते. फोन `192.168.5.14`, टीव्ही `192.168.5.22`. काय करावं?

नाखवा · शनिवार, रात्री १०:०५

शीर्षकात गेस्ट आणि कास्टिंग वाचून वाटलं, कुठल्यातरी मालिकेत पाहुण्या कलाकाराची जागा आहे. फोटो पाठवणार होतो. बसा, मी आपला वाचतो.

तंत्रवेडा · शनिवार, रात्री १०:२१

सोपं आहे. तुमचा राऊटर ड्युअल बँड असणार. फोन ५ गिगाहर्ट्झवर गेलाय आणि टीव्ही २.४ वर, त्यामुळे एकमेकांना दिसत नाहीत. दोन्ही एकाच बँडवर आणा, होऊन जाईल. आमच्याकडे ऐरोलीला हेच झालं होतं.

शिरीषफुले · शनिवार, रात्री १०:४०

तंत्रवेडा, धन्यवाद. पण गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वरच आहे, भाच्याने ५ चं चालूच केलं नाही. म्हणजे दोन्ही एकाच बँडवर आहेत ना?

वायरमन_वाशी · शनिवार, रात्री ११:१२

शिरीषताई, बँडचा प्रश्न नाही. एरवीसुद्धा एकाच राऊटरचे दोन बँड आतून जोडलेले असतात. २.४ वरचा टीव्ही ५ वरच्या फोनला दिसायला हवा. काही स्वस्त डब्यांत दोन बँडांमधली हाकाटी नीट पलीकडे जात नाही, तंत्रवेडाकडे तसलाच डबा असेल. म्हणून त्यांचं म्हणणं अगदीच हवेत नाही, पण इथे लागू नाही.

मी वाशी-तुर्भे भागात हॉटेलं आणि गेस्ट हाऊसची नेटवर्क लावतो. ही तक्रार दर आठवड्याला असते आणि दरवेळी वाक्य हेच: "दोन्ही एकाच वायफायवर आहेत, तरी दिसत नाही."

होतं काय ते सांगतो. फोन आणि टीव्ही दोन हातांवर असले तरी वायफायवर ते थेट बोलत नाहीत. फोनचं बोलणं आधी खाली राऊटरकडे जातं आणि राऊटर ते टीव्हीकडे फेकतो. गेस्ट नेटवर्क चालू केलं की बहुतेक राऊटर हे फेकणं बंद करतात. पाहुण्याने इंटरनेटला जावं, शेजारच्या पाहुण्याकडे नाही. लॉजसारखं समजा. प्रत्येक खोलीतून काउंटरला फोन लागतो, पण खोलीतून खोलीत लागत नाही. याला आयसोलेशन म्हणतात. भाच्याने मुद्दाम काही केलेलं नाही, गेस्टबरोबर ते आपोआप आलं.

आता कास्टिंगला हे का बाधतं? चिन्ह दाबलं की फोन सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक मारतो, "इथे कोणी कास्टवाला आहे का?" ही हाक `224.0.0.251` या ठरलेल्या पत्त्यावर, `5353` पोर्टवर जाते. टीव्हीने ओ दिली तरच नाव यादीत येतं. तुमच्याकडे हाक राऊटरपर्यंत जाते आणि तिथेच मरते. नाव येणार कुठून?

पटत नसेल तर एक प्रयोग करा. आजींच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा. टीव्ही आणि नातीचा फोन दोन्ही त्या हॉटस्पॉटवर घ्या आणि एक फोटो टाकून बघा. फोटोच टाका, व्हिडिओने डेटा जाईल. तिथे चाललं तर टीव्ही शाबूत, फोन शाबूत, दोष गेस्ट नेटवर्कचा. नवीन टीव्हीचे पैसे वाचले.

मृण्मयी_के · शनिवार, रात्री ११:३०

नातीचा फोन आयफोन आहे का? असेल तर आधी सेटिंगमध्ये `Privacy & Security` मध्ये `Local Network` बघा. तिथे त्या अ‍ॅपचं बटण बंद असेल तरी हुबेहूब असंच होतं, टीव्ही यादीत येत नाही. अ‍ॅप पहिल्यांदा परवानगी मागतं तेव्हा आपण घाईत नको म्हणतो आणि विसरून जातो. मी पंधरा दिवस राऊटरला शिव्या देत होते.

शिरीषफुले · रविवार, सकाळी ८:१५

आयफोन नाही, साधा अँड्रॉइड आहे. पण हॉटस्पॉटवर चाललं! टीव्हीचं नाव लगेच आलं आणि फोटोही दिसला. आजोबांना बैलाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, हा आपला नाही, बापूचा आहे.

तंत्रवेडा · रविवार, सकाळी ९:०२

वायरमन, एक शंका आहे. आयसोलेशन असतं तर भाच्याचं यूट्यूब कसं चाललं असतं? टीव्हीही तोच, नेटवर्कही तेच. म्हणजे टीव्ही दिसत होता. नातीच्या फोनमध्येच काही घोळ नाही ना? हॉटस्पॉटला जोडताना वायफाय बंद-चालू झालं, त्याने सुटलं असेल.

वायरमन_वाशी · रविवार, सकाळी ९:४८

चांगली शंका आहे. यात भले भले फसतात, मी पण फसलो होतो.

यूट्यूबला टीव्ही शोधायचे दोन रस्ते आहेत. एक वर सांगितला तो, घरातल्या घरात हाक मारायचा. दुसरा इंटरनेटवरून. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये तुमचंच खातं उघडं असेल, किंवा आधी कधी कोड टाकून फोन जोडला असेल, तर तो टीव्ही यूट्यूबच्या फोन अ‍ॅपच्या यादीत दिसतो. मग फोन बंगळुरूला असला तरी चालतं. फोन सर्व्हरला सांगतो, सर्व्हर टीव्हीला. खोलीतून खोलीत फोन लागत नाही, पण दोघेही काउंटरमार्फत निरोप देतात, तसं.

शिरीषताई, भाच्याला विचारा, त्याने वरच्या टीव्हीवर स्वतःचं खातं टाकलं होतं का. फोटोच्या अ‍ॅपला हा दुसरा रस्ता नाही, म्हणून ते अडकतं.

आणि खात्रीच करायची असेल तर नात थोडी तंत्रातली आहे का? फोनवर टर्मक्स टाकून आधी राऊटरला आणि मग टीव्हीला पिंग करायला सांगा. फोन परत गेस्टवर घेऊन.

शिरीषफुले · रविवार, दुपारी १२:३०

नात पंढरपूरला डिप्लोमाला आहे, तिने पाच मिनिटांत केलं. तिने दिलेलं जसंच्या तसं चिकटवते, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

```
$ ping -c 3 192.168.5.1
3 packets transmitted, 3 received, 0% packet loss
$ ping -c 3 192.168.5.22
From 192.168.5.14 icmp_seq=1 Destination Host Unreachable
3 packets transmitted, 0 received, +3 errors, 100% packet loss
```

भाच्याला फोन केला. होय म्हणाला, टीव्हीवर त्याचंच यूट्यूब खातं आहे. वर असंही म्हणाला, "मावशी, म्हणून माझ्या यादीत सकाळी सकाळी हरिपाठ येतोय होय!" सांगोल्याचे आजोबा टीव्हीवर लावतात आणि याला तिकडे सुचवलं जातं.

नाखवा · रविवार, दुपारी १२:४१

भाच्याचं कल्याण झालं म्हणायचं.

वायरमन_वाशी · रविवार, दुपारी १:२०

हा निकाल स्पष्ट आहे. राऊटर उत्तर देतो, टीव्ही देत नाही. नुसतं उत्तर नसतं तर मी थांबलो असतो, कारण काही टीव्ही पिंगला उत्तरच देत नाहीत. पण इथे `Unreachable` हे वाक्य फोन स्वतःच सांगतोय, बघा, `From` पुढे फोनचाच पत्ता आहे. निरोप पाठवण्याआधी फोनने विचारलं, `192.168.5.22` कोणाचा? त्या प्रश्नालाही उत्तर आलं नाही. टीव्ही चालू असताना, नेटवर्क एकच असताना असं झालं तर मधल्याने अडवलं असंच समजायचं.

आता उपाय. राऊटरचं पान उघडून गेस्टच्या सेटिंगमध्ये बघा. काही राऊटरवर तिथे दोन चौकोन असतात, `Allow guests to see each other` आणि `Allow guests to access my local network`. पहिल्यावर टिक करा, दुसऱ्याला हात लावू नका. पहिल्याने वरचा फोन वरच्या टीव्हीला दिसेल. दुसऱ्याने वरचा फोन तुमच्या हिशोबाच्या कॉम्प्युटरला दिसेल. वर एका वेळी एकच कुटुंब असतं, त्यामुळे पहिल्याला हरकत नाही. चार खोल्यांचं लॉज असतं तर मी नको म्हटलं असतं.

घोडबंदरी · रविवार, दुपारी ३:०५

धाग्यात घुसतो, पण विषय तोच आहे. आमची सोसायटी घोडबंदर रोडला. क्लबहाऊसमध्ये मोठा टीव्ही आहे आणि छताला वायफायचे दोन पांढरे डबे, एक स्टेजजवळ, एक मागे पँट्रीजवळ. गणपतीचे फोटो दाखवायचे होते. टीव्हीसमोर उभं राहून फोन जोडला तर टीव्ही दिसत नाही. पँट्रीत चहा आणायला गेलो आणि तिथून दिसला! पुढे आलो की परत गायब. सेक्रेटरी म्हणतात सिग्नल कमी आहे. टीव्हीच्या जवळ सिग्नल कमी आणि लांब जास्त, हे कसं?

वायरमन_वाशी · रविवार, दुपारी ३:४०

घोडबंदरी, अहो हे उदाहरण फार छान आहे. सिग्नलचा काही संबंध नाही.

तुमच्या प्रत्येक डब्यावर आयसोलेशन चालू आहे, पण ते त्या डब्यापुरतं. टीव्ही स्टेजजवळच्या डब्यावर असणार. तुम्ही टीव्हीसमोर आलात की फोनही त्याच डब्यावर येतो आणि डबा म्हणतो, माझ्या एका पाहुण्याचं दुसऱ्याला देणार नाही. पँट्रीत गेलात की फोन मागच्या डब्यावर जातो. तिथून निरोप तारेने पुढच्या डब्याकडे येतो. त्याला तो पाहुण्याकडून आलाय असं दिसत नाही, तारेवरून आलाय असं दिसतं, म्हणून तो टीव्हीला देतो.

म्हणजे तुमच्याकडे आयसोलेशन असूनही अर्धंच आहे. ज्याने लावलं त्याने मधल्या स्विचवर ते लावलेलं नाही. सोसायटीत तीनेकशे फ्लॅट असतील तर माझ्या मते ते भोक बुजवायला हवं आणि टीव्हीसाठी वेगळी सोय करायला हवी.

घोडबंदरी · रविवार, दुपारी ३:५८

म्हणजे आत्ता पँट्रीतून जे चालतंय तेही बंद करा असं म्हणता? मीटिंगमध्ये हे मी कसं मांडू? लोक म्हणतील, आहे तेही घालवलं.

वायरमन_वाशी · रविवार, दुपारी ४:१०

टीव्हीला एचडीएमआयची १० मीटरची केबल लावा आणि लॅपटॉप जोडा. क्लबहाऊसला कास्टिंग नकोच. गेल्या वर्षी एका हॉलमध्ये बारशाच्या मध्येच कोणाच्या तरी पोराने कार्टून लावलं होतं. एका नेटवर्कवरचा कोणीही टीव्हीचा ताबा घेऊ शकतो, पासवर्ड विचारत नाही.

शिरीषफुले · रविवार, संध्याकाळी ६:२०

आमच्या राऊटरवर ते दोन चौकोन नाहीत. हा इंटरनेटवाल्याने दिलेला डबा आहे. गेस्टच्या पानावर तीनच गोष्टी आहेत: चालू-बंद, नाव आणि पासवर्ड. त्यांच्या कस्टमर केअरला विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, मॅडम, गेस्टमध्ये टीव्ही लावायचा नसतो. मग पाहुण्यांनी काय बघायचं?

तंत्रवेडा · रविवार, संध्याकाळी ६:५५

घरात जुना राऊटर पडलाय का? तो वरच्या फ्लॅटमध्ये लावा. खालच्या राऊटरमधून केबल वर न्या आणि जुन्याच्या निळ्या WAN पोर्टमध्ये खोचा. टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन या दुसऱ्या राऊटरच्या साध्या वायफायवर घ्या. साध्या वायफायवर आयसोलेशन नसतं. कास्टिंग चालेल. गेस्ट नेटवर्क बंदच करून टाका.

शिरीषफुले · सोमवार, संध्याकाळी ७:३०

तंत्रवेडा, तुमचं तोंड गोड होवो! जुना राऊटर माळ्यावर होता. डिशची बंद पडलेली वायर काढून त्याच भोकातून इलेक्ट्रिशियनने केबल वर नेऊन दिली. आधी इंटरनेट येईना. भाच्याने फोनवर सांगितलं की दोन्ही राऊटरचा पत्ता `192.168.1.1` आहे, म्हणून भांडताहेत. जुन्याचा `192.168.10.1` केला आणि सुरू झालं. नातीने गावच्या जत्रेचा अख्खा व्हिडिओ दाखवला. आजी पालखीच्या वेळी टीव्हीला नमस्कार करत होत्या.

वायरमन_वाशी · सोमवार, रात्री ९:१५

ताई, आनंदात मिठाचा खडा टाकतो, माफ करा. नातीला सांगा, नव्या वायफायवरून फोनच्या ब्राउझरमध्ये `http://192.168.1.1` उघडून बघ.

शिरीषफुले · सोमवार, रात्री ९:४०

उघडलं. आमच्या खालच्या राऊटरचं लॉगिनचं पान आलं. मग तिने कॅमेऱ्याचा आकडा टाकला, तर कॅमेऱ्याचंही पान आलं, पासवर्ड मागत होतं. म्हणजे काय?

वायरमन_वाशी · सोमवार, रात्री १०:०५

म्हणजे गेस्ट नेटवर्क ज्यासाठी काढलं होतं तेच गेलं.

लोकांना वाटतं, दुसरा राऊटर म्हणजे दुसरी भिंत. भिंत आहेच, पण ती एकाच बाजूने अडवते. खालून कोणी वर येऊ पाहील तर वरचा राऊटर अडवतो. वरून खाली जाणाऱ्याला मात्र तो सोडतो, कारण त्याच्या दृष्टीने तुमचं घर म्हणजे बाहेरचं जग, इंटरनेटसारखंच. केबल तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये खोचली आहे, त्यामुळे वरचे पाहुणे इंटरनेटला जाताना तुमच्या हॉलमधून जातात. प्रिंटर, कॅमेरा, हिशोबाचा कॉम्प्युटर, सगळ्यांची दारं त्यांना वाजवता येतात.

उपाय हातातच आहे. केबल काढा आणि खालचं गेस्ट नेटवर्क परत चालू करा. जुन्या राऊटरच्या सेटिंगमध्ये `Operation Mode` मध्ये `WISP` आहे का बघा. त्यात राऊटर इंटरनेट केबलऐवजी वायफायवरून घेतो. त्याला खालचं गेस्ट नेटवर्क निवडून द्या, गेस्टचा पासवर्ड टाका. वर त्याचं स्वतःचं वायफाय तसंच राहू द्या.

आता बघा काय होतं. खालच्या राऊटरला वर एकच पाहुणा दिसतो, तो जुना राऊटर. त्याला घरात प्रवेश नाही, कारण तो गेस्टवर आहे. टीव्ही आणि फोन दोघे जुन्या राऊटरच्या पोटात आहेत आणि त्यांचं आपसातलं बोलणं खाली येतच नाही. खालचं आयसोलेशन खुशाल चालू असू द्या, इथे ते तुमच्याच बाजूने आहे.

एक लक्षात ठेवा, `Range Extender` निवडू नका. त्यात जुना डबा स्वतःचं वेगळं नेटवर्क करत नाही, खालचंच लांबवतो. मग टीव्ही दिसेल की नाही हे त्या डब्याच्या मर्जीवर.

तंत्रवेडा · सोमवार, रात्री १०:३०

थोडं जास्तच घाबरवताय. कॅमेऱ्याला पासवर्ड आहे, राऊटरला पासवर्ड आहे. उपचारासाठी आलेली माणसं कुठे हॅकिंग करणार? शिवाय WISP मध्ये एकच रेडिओ वरचंही ऐकणार आणि खालचंही बोलणार, वेग निम्मा होईल. केबलवर ते होत नाही.

वायरमन_वाशी · सोमवार, रात्री १०:५०

वेगाचं बरोबर आहे, साधारण निम्मा होतो. पण फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात. निम्मा होऊनही पुरत असेल तर काय बिघडलं?

माणसांबद्दल मी काही बोललो नाही. आलेल्या फोनमध्ये काय शिरलेलं आहे ते फोनवाल्यालाही माहीत नसतं. आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बॉक्सवर छापलेलाच आहे की बदललाय, ताई?

शिरीषफुले · सोमवार, रात्री १०:५८

मी बॉक्स बघून येते.

मृण्मयी_के · सोमवार, रात्री ११:०४

एवढा खटाटोप करायच्या ऐवजी स्क्रीन मिररिंग का नाही? माझ्या बाबांच्या फोनवर स्मार्ट व्ह्यू आहे, ते हॉटेलातसुद्धा टीव्हीला जोडतात, वायफाय कुठलंही असो.

वायरमन_वाशी · सोमवार, रात्री ११:२०

मृण्मयी, बरोबर. त्यात फोन आणि टीव्ही राऊटरला मध्ये न घेता थेट जोडले जातात, म्हणून आयसोलेशनचा प्रश्नच येत नाही. पण सगळ्या फोनना ते नसतं, पिक्सेलमध्ये तर नाहीच. आणि फोनची स्क्रीन बंद झाली की टीव्हीही बंद. कास्टिंगमध्ये एकदा ऑनलाइन व्हिडिओ लागला की टीव्ही तो स्वतःच इंटरनेटवरून आणतो, फोन खिशात टाकून फिरता येतं. पाहुण्यांकडे कुठला फोन असेल हे ताईंना आधी कळणार नाही, म्हणून मी त्यावर विसंबलो नसतो. दोन दिवसांच्या मुक्कामाला मात्र उत्तम.

शिरीषफुले · बुधवार, रात्री ८:४५

कालच लिहिणार होते, पण राऊटरशी झटापट चालू होती.

आधी कॅमेऱ्याचं. पासवर्ड बॉक्सवरचाच होता. बदलला. तंत्रवेडा, तुम्हाला टोमणा मारत नाहीये, पण बदलला.

WISP होतं. पहिल्यांदा मी चुकून नातीच्या हॉटस्पॉटलाच जोडून ठेवलं, तिचा दिवसाचा डेटा संपला. दुसऱ्या खेपेला खालचं गेस्ट निवडलं. आता नव्या वायफायवरून `192.168.1.1` उघडत नाही, कॅमेराही उघडत नाही आणि टीव्हीचं नाव मात्र यादीत येतं. वेग नातीने मोजला. खालच्या गेस्टवर थेट ३१ एमबीपीएस, जुन्या राऊटरमधून १४. व्हिडिओ अडकत नाही.

फोटोच्या अ‍ॅपमधून जत्रेचा व्हिडिओ पुन्हा लावला. आजोबांनी तिसऱ्यांदा बघितला. भाच्याचं खातंही टीव्हीवरून काढून टाकलं, त्याने आभार मानले.

एकच राहिलं. आज दुपारी लाइट गेली होती. आली तेव्हा वरचा राऊटर आधी उठला, खालचा उठायला दोन-तीन मिनिटं लागली. वरच्याने गेस्ट शोधलं, मिळालं नाही, आणि मग तो परत शोधेचना. वरती जाऊन बंद-चालू केला तेव्हा जोडला. दर वेळी जिना चढायचा का?

तंत्रवेडा · बुधवार, रात्री ९:१०

टोमणा पोचला. 😀 फर्मवेअर अपडेट करून बघा, माझ्या जुन्या डब्याचं त्याने सुटलं होतं.

वायरमन_वाशी · बुधवार, रात्री ९:३५

आधी खालच्या राऊटरचा चॅनल बघा. आपोआपवर असेल तर लाइट गेल्यावर तो दुसराच चॅनल घेऊन उठतो आणि काही जुने डबे जुन्याच चॅनलवर वाट बघत बसतात. खाली १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करा. तरी नाही सुटलं तर खालच्या राऊटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे तो झोपणारच नाही. नक्की कशाने होतंय हे डबा समोर असल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

शिरीषफुले · बुधवार, रात्री ९:५०

चॅनलचं पान इंटरनेटवाल्याने कुलूपबंद केलंय. यूपीएस बघते.

घोडबंदरी · गुरुवार, सकाळी ७:४०

रविवारी मीटिंग झाली. १० मीटरच्या केबलचा ठराव मांडला. दोन जण म्हणाले केबल पायात येईल, एक जण म्हणाले टीव्हीच पँट्रीत हलवा. ठराव पुढच्या मीटिंगवर गेला.

नाखवा · गुरुवार, सकाळी ७:५२

टीव्ही पँट्रीत हलवला की तो मागच्या डब्यावर जाणार. मग फोन घेऊन स्टेजवर उभं राहायला लागेल ना, वायरमन?

वायरमन_वाशी · गुरुवार, सकाळी ८:३०

बरोब्बर. नाखवा, माझ्याकडे कामाला येता का?